०.३७ हा आकडा नेमका कोणाचा?

पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षी माझ्या हातात लोहाच्या एका संयुगाचा पहिला मॉसबाउअर वर्णपट आला, आणि त्यातील एका लहानशा खळगीने माझे जवळजवळ तीन महिने घेतले. ते तीन महिने कसे गेले, आयसोमर शिफ्ट आणि क्वाड्रुपोल स्प्लिटिंग या दोन आकड्यांवरून लोह फेरस आहे की फेरिक आणि हाय-स्पिन आहे की लो-स्पिन, म्हणजे त्याचे डी इलेक्ट्रॉन शक्य तितके एकेकटे आहेत की जोडीने बसले आहेत, हे ठरवताना मी कुठे फसले, आणि फसले आहे हे कसे कळले, ते येथे लिहिते आहे.

संयुग होते Fe(phen)₂(NCS)₂. यात एका फेरस आयनाभोवती दोन फेनँथ्रोलिन आणि दोन थायोसायनेट गट असतात, म्हणजे लोहाला एकूण सहा नायट्रोजन जोडलेले असतात. हे जांभळे चूर्ण साध्या तापमानाला हाय-स्पिन असते आणि सुमारे १७६ केल्व्हिनच्या खाली अचानक लो-स्पिन होते. चुंबकीय मापनांतून हे १९६० च्या दशकातच उजेडात आले होते, आणि त्याच दशकात त्याचे मॉसबाउअर वर्णपटही घेतले गेले. साध्या तापमानाला आयसोमर शिफ्ट ०.९८ आणि स्प्लिटिंग २.६७, तर द्रव नायट्रोजनच्या तापमानाला, म्हणजे ७७ केल्व्हिनला, ०.३७ आणि ०.३४ असे त्याचे प्रसिद्ध आकडे आहेत. सर्व आकडे मिलिमीटर प्रतिसेकंद या वेगाच्या एककात आहेत. माझ्या मार्गदर्शक मॅडमनी मला हेच संयुग दिले ते मुद्दाम. उत्तर आधीच माहीत असल्यामुळे चूक झाली तर ती माझीच असणार, हे उघड होते.

ऊर्जेच्या वर्णपटात वेगाचे एकक कुठून आले, हे थोडक्यात सांगायला हवे. कोबाल्ट-५७ च्या ऱ्हासातून उत्तेजित लोह-५७ तयार होते आणि ते १४.४ किलोइलेक्ट्रॉन-व्होल्टचे गामा किरण सोडते. हे अणुकेंद्र घन पदार्थात घट्ट बसलेले असेल तर काही किरण धक्क्याविना बाहेर पडतात, आणि ते ऊर्जेने इतके काटेकोर असतात की कोबाल्टचा हा उगम नुसता सेकंदाला एक मिलिमीटर वेगाने पुढेमागे हलवला तरी डॉप्लर परिणामामुळे अनुनाद साधतो किंवा सुटतो. म्हणून आपण उगम हलवत राहतो, नमुन्यातून पार होणारे किरण मोजतो आणि कोणत्या वेगाला शोषण झाले ते पाहतो. नमुन्यातील लोहाभोवती असलेले इलेक्ट्रॉन अणुकेंद्राच्या ऊर्जापातळ्या अगदी सूक्ष्म प्रमाणात सरकवतात, त्यामुळे शोषणाची जागा शून्यावरून ढळते. हीच आयसोमर शिफ्ट. इलेक्ट्रॉनांची मांडणी असमान असेल तर उत्तेजित पातळीचे दोन भाग होऊन एका खळगीच्या जागी दोन खळग्या दिसतात, आणि त्या दोहोंमधील अंतर म्हणजे क्वाड्रुपोल स्प्लिटिंग.

नमुना तयार करणे हे काम सोपे आहे असे समजून मी ते घाईत केले, आणि पुढचा सगळा घोळ तिथूनच सुरू झाला. फेरस सल्फेट आणि पोटॅशियम थायोसायनेट मिथेनॉलमध्ये मिसळायचे, पांढरे पोटॅशियम सल्फेट गाळून टाकायचे आणि गाळलेल्या द्रावणात फेनँथ्रोलिन थेंबाथेंबाने सोडायचे. फेनँथ्रोलिन जास्त झाले तर तीन फेनँथ्रोलिनचे लालभडक संयुग तयार होते, म्हणून थेंबांकडे मी डोळ्यांत तेल घालून पाहिले. फेरस सल्फेटच्या बाटलीकडे मात्र पाहिले नाही. तिच्यातील स्फटिकांवर पिवळसर-तपकिरी पूड चढलेली होती, हे मला पुढे आठवले.

नमुन्याची जाडी मी गणित करून ठरवली. संयुगाचा रेणुभार ५३२ आणि त्यात लोह साडेदहा टक्के. नैसर्गिक लोहात लोह-५७ जेमतेम २.१ टक्के असते, म्हणून दर चौरस सेंटिमीटरला सातेक मिलिग्रॅम लोह ठेवले तर वर्णपट स्वच्छ येतो आणि जाडीमुळे रेषा फुगतही नाहीत. माझ्या गोल डबीला त्यासाठी सुमारे ९० मिलिग्रॅम चूर्ण लागले. आमचा उगम खरेदी होऊन दीड वर्ष झाले होते. कोबाल्ट-५७ चा अर्धायुकाल २७२ दिवसांचा, म्हणजे उगमाची ताकद चौथाईवर आली होती, आणि एक वर्णपट नीट जमायला दोन-तीन दिवस जात. तो जमत असताना पडद्यावर खळग्या खोल होताना पाहत बसण्याचा मोह आवरावा लागतो, कारण पहिल्या काही तासांत डोळ्यांना हवे ते दिसते.

पहिला धक्का शून्याच्या बाबतीत बसला. साध्या तापमानाच्या वर्णपटातील मोठ्या जोडीचा मध्य ०.८७ वर आला. अपेक्षा ०.९८ ची. इतक्या सुसंगत रेषांमध्ये ०.११ चा फरक म्हणजे मोजमापातील ढिलाई नव्हे. मी नमुन्याला दोष देत राहिले, पण दोष माझ्या शून्याचा होता. मी वेगाचे शून्य म्हणजे उगम स्थिर असतानाचे शून्य धरले होते, आणि आमचा कोबाल्ट ऱ्होडियम धातूत बसवलेला आहे. ऱ्होडियममधील लोह आणि साधे धातुरूप लोह यांची आयसोमर शिफ्ट एकमेकांपासून ०.११ ने वेगळी आहे. जगभर आकडे आता धातुरूप लोहाच्या पत्र्याला शून्य मानून दिले जातात. म्हणून नमुन्याच्या आधी आणि नंतर त्याच मांडणीत लोहाच्या पातळ पत्र्याचा वर्णपट घ्यायचा, त्याच्या सहा रेषांवरून वेगाची पट्टी आखायची आणि त्या सहांचा मध्य शून्यावर आणायचा. पत्र्याच्या टोकाच्या दोन रेषांमधील अंतर साधारण १०.६ असते. ते जुळले की पट्टी बरोबर, मध्य जुळला की शून्य बरोबर.

मॅडम तेव्हा म्हणाल्या, “अगं, जुन्या शोधनिबंधांत तर तिसरेच शून्य सापडेल. सोडियम नायट्रोप्रुसाइड.” ते शून्य धातुरूप लोहापेक्षा ०.२६ ने खाली आहे. म्हणजे माझेच ०.९८ तिथे १.२४ असे छापलेले दिसेल. आयसोमर शिफ्टचा कोणताही आकडा वाचताना तो कशाच्या संदर्भाने दिला आहे हे आधी पाहावे लागते. स्प्लिटिंगला ही अडचण नाही, कारण ते दोन रेषांमधील अंतर आहे आणि शून्य कुठेही धरले तरी बदलत नाही. माझ्या पहिल्या वर्णपटात स्प्लिटिंग २.६६ आले होते आणि शिफ्ट चुकली होती. तेवढ्यावरूनच शंका शून्यावर यायला हवी होती.

शून्य सुधारल्यावर मोठी जोडी जागेवर आली. तिच्या रेषा −०.३५ आणि २.३१ या ठिकाणी होत्या. पण वर्णपटात आणखी काहीतरी होते. डाव्या रेषेच्या उजव्या उतारावर, शून्याच्या आसपास, एक खांदा दिसत होता आणि ०.७० च्या जवळ एक स्वतंत्र उथळ खळगी होती. म्हणजे चार रेषा, म्हणजे दोन जोड्या. आता कोणाची जोडी कोणाशी लावायची?

मी संगणकाला दोन जोड्या शोधायला सांगितल्या आणि त्याने निमूटपणे शोधून दिल्या. −०.३५ ची रेषा त्याने ०.७० शी जोडली आणि शून्याजवळचा खांदा २.३१ शी. त्यातून पहिली जोडी आली ०.१८ शिफ्टची आणि १.०५ स्प्लिटिंगची, दुसरी आली १.१६ आणि २.३१ ची. हे आकडे पाहून मला आनंदच झाला, कारण पुस्तकात पाहिले तर पहिली जोडी लो-स्पिन फेरिकची वाटत होती आणि दुसरी हाय-स्पिन फेरसची. काही दिवस मी आपल्याला काहीतरी नवे सापडले अशा समजुतीत होते.

हा भ्रम कसा फुटला ते सांगते, कारण चुकीची जोडी पकडण्याची खूण त्यातच आहे. चूर्णातील कण सर्व दिशांना विखुरलेले असतील तर एका जोडीच्या दोन्ही रेषांचे क्षेत्रफळ सारखे असायला हवे. माझ्या जुळवणीत −०.३५ ची रेषा तिच्या जोडीदाराच्या कितीतरी पट मोठी होती, आणि २.३१ ची रेषाही तशीच. म्हणजे दोन मोठ्या रेषा दोन लहान रेषांच्या गळ्यात बांधल्या गेल्या होत्या. वर्णपट नुसता डोळ्यांनी पाहिला असता तरी सर्वांत खोल दोन खळग्या एकमेकींच्या आहेत हे दिसले असते. जुळवणीत प्रत्येक जोडीच्या रेषांची रुंदी आणि क्षेत्रफळ समान राहील अशी अट घातल्यावर चित्र एकदम बदलले: मोठी जोडी ०.९८ आणि २.६६, लहान जोडी ०.३६ आणि ०.७०. लहान जोडीचा वाटा एकूण क्षेत्रफळाच्या ११ टक्के.

अर्थात ही अटही डोळे झाकून घालायची नसते. स्फटिक चपटे असले आणि डबीत दाबताना एकाच दिशेने आडवे पडले, तर खऱ्या जोडीच्या रेषाही असमान येतात. म्हणून मी चूर्ण बोरॉन नायट्राइडमध्ये हलक्या हाताने मिसळून पुन्हा भरले आणि एकदा नमुना किरणांशी ५५ अंशांच्या आसपास तिरका ठेवूनही मोजला. त्या कोनाला दिशेचा परिणाम जवळजवळ नाहीसा होतो. मोठ्या जोडीच्या दोन्ही रेषा समान राहिल्या, तेव्हा ती अट घालण्याचा अधिकार मला मिळाला. त्याच आठवड्यात रिकाम्या डबीचाही वर्णपट घेतला, कारण ॲल्युमिनियमच्या पत्र्यात आणि किरण मोजणाऱ्या गणकाच्या बेरिलियम खिडकीत लोहाचा अंश असतो आणि तोही मधल्या भागात खळगी पाडतो. तीन दिवसांच्या मोजणीनंतर तिथे नाव घेण्यासारखे काही निघाले नाही.

आता खरा प्रश्न उरला: ०.३६ शिफ्टचा हा अकरा टक्के पाहुणा कोण? येथे आयसोमर शिफ्टचे मूळ समजून घ्यावे लागते. अणुकेंद्राच्या जागी प्रत्यक्ष पोहोचतात ते एस इलेक्ट्रॉन. तिसऱ्या कवचातील डी इलेक्ट्रॉन तिथे पोहोचत नाहीत, पण ते एस इलेक्ट्रॉनांना झाकतात आणि केंद्रावरील त्यांची घनता कमी करतात. लोह-५७ चे उत्तेजित केंद्र मूळ केंद्रापेक्षा आकाराने किंचित लहान असल्यामुळे ही घनता कमी झाली की शिफ्ट वाढते. फेरसमध्ये सहा डी इलेक्ट्रॉन आणि फेरिकमध्ये पाच, म्हणून हाय-स्पिन फेरस एकच्या आसपास आणि हाय-स्पिन फेरिक ०.३ ते ०.५ च्या पट्ट्यात येते. इथपर्यंत सगळे सरळ आहे. पण फेरस लो-स्पिन झाले की बंध आखडतात. आमच्या संयुगात लोह-नायट्रोजन अंतर सुमारे २.२ वरून २.० अँगस्ट्रॉमवर येते, आणि फेनँथ्रोलिन लोहाची डी घनता स्वतःकडे ओढून घेते. झाकण पातळ होते, केंद्रावरील एस घनता वाढते आणि शिफ्ट थेट ०.३७ वर उतरते. म्हणजे लो-स्पिन फेरस आणि हाय-स्पिन फेरिक एकाच घरात राहायला येतात. एकट्या शिफ्टवरून त्यांना ओळखता येत नाही, आणि माझा पाहुणा नेमका त्याच घरात होता.

त्यामुळे माझ्यापुढे तीन नावे होती. एक, आमच्याच संयुगाचे काही रेणू साध्या तापमानालाही लो-स्पिन राहिले असतील. दोन, तीन फेनँथ्रोलिनचे लाल संयुग, तेही लो-स्पिन फेरसच. तीन, हवेने फेरस बिघडून झालेले फेरिक. थायोसायनेटने फेरिक लगेच रक्तासारखे लाल होते, तेव्हा परीक्षानळीत पाहावे असे मनात आले. पण ज्या चूर्णात थायोसायनेटही आहे आणि फेनँथ्रोलिनचा लाल रंगही उतरणार आहे, तिथे रंग कोणाची साक्ष देणार? तो विचार सोडून दिला.

साक्ष दिली ती स्प्लिटिंगने. लो-स्पिन फेरसमध्ये सहाही डी इलेक्ट्रॉन तीन खालच्या कक्षकांत जोडीने बसतात आणि मांडणी समतोल होते. मग जे थोडे विभाजन उरते ते भोवतालच्या अणूंच्या असमानतेमुळे. आमच्या संयुगात ते ०.३४ आहे आणि तीन फेनँथ्रोलिनच्या संयुगात त्याहूनही कमी, ०.२ च्या आसपास. माझे ०.७० या दोहोंत बसत नव्हते. उलट बारीक कणांच्या फेरिक ऑक्सिहायड्रॉक्साइडमध्ये ०.६ ते ०.८ हे नेहमीचे आहे. तरीही मला खात्री वाटेना, कारण या लहान जोडीची डावी रेषा मोठ्या रेषेच्या उतारावर दडलेली होती आणि तिची जागा थोडी सरकली तर ०.७० चे ०.६ होऊ शकत होते. ०.३४ व्हायला मात्र ती इतकी सरकावी लागली असती की खांदा डोळ्यांना दुसऱ्याच जागी दिसला असता.

मग ७७ केल्व्हिनला जायचे ठरले. द्रव नायट्रोजन आमच्याकडे आठवड्यातून एकदा येई, त्याच गाडीने पुढे जनावरांच्या कृत्रिम रेतनाच्या केंद्रांनाही जाई, आणि सुट्टी आली की आमचा नंबर शेवटचा. तीन दिवस सलग थंडी टिकवायला दोन कॅन लागले आणि रात्री दोनला उठून भरावे लागले.

थंडीत मोठी जोडी जवळजवळ नाहीशी झाली आणि मध्यभागी एक दाट, अरुंद जोडी उभी राहिली: ०.३७ आणि ०.३४. संयुगाचा लो-स्पिन चेहरा डोळ्यांसमोर आला. येथे एक बारकावा आहे. नमुना नुसता थंड केला तरी, स्पिन न बदलताही, शिफ्ट सुमारे ०.१ ने वाढते. थंडीत अणूंची थरथर कमी होते, आणि त्या थरथरीमुळे सापेक्षतेच्या नियमाने येणारी घट कमी होते. म्हणजे ०.९८ वरून ०.३७ हा उतार वरवर ०.६१ चा दिसतो, पण स्पिन बदलाचा वाटा ०.७ च्या आसपास आहे.

हाच बारकावा पाहुण्यालाही लागू होता. तो फेरिक असेल तर ७७ केल्व्हिनला त्याची शिफ्ट ०.४६ च्या आसपास यावी आणि स्प्लिटिंग तसेच राहावे, कारण हाय-स्पिन फेरिकमध्ये पाच डी इलेक्ट्रॉन पाच कक्षकांत एकेक बसलेले असतात आणि तापमानाने त्यांची मांडणी बदलण्यासारखे काही नसते. हाय-स्पिन फेरसचे तसे नाही. त्याचा सहावा इलेक्ट्रॉन एकटा असतो, मोठे विभाजन त्याच्यामुळेच होते, आणि तापमान उतरले की तो सर्वांत खालच्या कक्षकात अधिक स्थिरावतो, म्हणून विभाजन वाढत जाते. पण ७७ केल्व्हिनच्या वर्णपटात फेरिकच्या अपेक्षित रेषा, ०.११ आणि ०.८१, दाट लो-स्पिन जोडीच्या दोन्ही कुशींत लपल्या होत्या. मोकळे सोडले तर संगणक त्यांना वाटेल तिथे ठेवत होता आणि प्रत्येक वेळी जुळवणी उत्तमच येत होती. ज्या थंडीसाठी मी जागले, ती पाहुण्याला ओळखायला सर्वांत वाईट जागा ठरली. त्याला पाहायचे तर साध्या तापमानालाच, जेव्हा घरातले सगळे दूर ०.९८ ला गेलेले असतात.

मी पाहुण्याची शिफ्ट आणि स्प्लिटिंग अपेक्षित आकड्यांवर बांधून फक्त क्षेत्रफळ मोकळे सोडले, तेव्हा वाटा ८ टक्के आला. साध्या तापमानाला ११ आणि थंडीत ८, हे आधी खटकले. पण क्षेत्रफळ म्हणजे लोहाचे प्रमाण नव्हे. धक्क्याविना शोषण होण्याची शक्यता किती, हे स्फटिकातील अणूंची जाळी किती कडक त्यावर ठरते. ऑक्साइड कडक, रेणूंचे आमचे चूर्ण मऊ, म्हणून साध्या तापमानाला ऑक्साइडचा आवाज त्याच्या संख्येपेक्षा मोठा ऐकू येतो. थंडीत मऊ जाळीही शांत होते आणि फरक कमी होतो. ८ हा आकडा खऱ्याच्या अधिक जवळ असावा, आणि ११ वरून ८ कडे जाण्याची दिशाही फेरिक ऑक्साइडच्या बाजूनेच बोलत होती.

शेवटचा निकाल मात्र वर्णपटाच्या जुळवणीत नव्हे, नमुना बनवण्याच्या टेबलापाशीच लागला असे म्हणायला हवे. फेरस सल्फेटची ती बाटली बाजूला ठेवली, नवे अमोनियम फेरस सल्फेट आणले, मिथेनॉलमधून अर्धा तास नायट्रोजन सोडला, चिमूटभर ॲस्कॉर्बिक आम्ल टाकले आणि गाळणेही नायट्रोजनखाली केले. बाकी प्रमाणे, थेंब, धुणे सगळे पूर्वीसारखे. पाहुणा लो-स्पिन रेणूंचा असता तर याने त्याला काही फरक पडला नसता. नव्या चूर्णाच्या साध्या तापमानाच्या वर्णपटात दोनच रेषा आल्या, म्हणजे ०.९८ शिफ्टची आणि २.६७ स्प्लिटिंगची एकच जोडी, आणि त्यांच्या मधली जमीन सपाट होती. दोन टक्क्यांहून कमी काही असेल तर ते आमच्या उगमाच्या ताकदीने दिसणारे नव्हते.

नव्या चूर्णाचा ७७ केल्व्हिनचा वर्णपट घेतला तेव्हा उजवीकडे, २.५८ च्या जवळ, एक उथळ खळगी दिसली आणि माझ्या पोटात पुन्हा गोळा आला. या वेळी मी आधी क्षेत्रफळ पाहिले आणि मग जोडीदार शोधला. तो −०.४२ ला होता, तितकाच उथळ. मध्य १.०८, अंतर ३.००. म्हणजे आमचेच हाय-स्पिन फेरस, थंडीत विभाजन वाढलेले. द्रावणातून असे साका पाडून बनवलेल्या नमुन्यात काही रेणू खाली उतरतच नाहीत, हे या संयुगाबद्दल पूर्वीपासून माहीत आहे. वहीत मी लिहिले: “उरलेले हाय-स्पिन, भेसळ नाही.” आणि त्याखाली मॅडमनी पेन्सिलने लिहिले: “संदर्भ: धातुरूप लोह, हे लिहायचे राहिले.”